न दिसलेला चंद्र आणि न झालेली मोजणी

आमच्या सोनपेठ भागात माणसाचा कान कीर्तनावर तयार होतो. गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईंचे गाव, जवळच आहे. सप्ताह गावोगाव होतात, आणि ज्याने कधी कवितेचे पुस्तक हातात धरले नाही त्यालाही गद्यानंतर पद्य आले की काय होते ते ठाऊक असते. कीर्तनकार दृष्टांत सांगत सांगत माणसांना एका जागी आणून उभे करतो आणि मग प्रमाण म्हणून अभंगाचा चरण टाकतो. टाळ वाजतात, माना डोलतात. बोललेले पटले, त्यावर शिक्का बसला. गद्याच्या शेवटी येणारे पद्य म्हणजे शिक्का, ही समजूत माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की ती समजूत आहे हेच मला कळत नव्हते.

ते कळले ‘हायबुन’ या जपानी प्रकारामुळे. छोटा गद्य उतारा आणि त्याच्या शेवटी एक हायकू, एवढीच त्याची बाह्य ओळख. विषयही मोठे नसतात. एखादा रिकामा दिवस, जवळचा प्रवास, कुणाकडे काढलेली रात्र. नोबुयुकी युआसा यांनी बाशोच्या प्रवासवर्णनांचा इंग्रजी अनुवाद केला. तो पेंग्विनने 1966 साली काढला. त्याची जुनी प्रत हाती लागली, आणि दोन-तीन वर्षे मी तो वाचत होतो तो शिक्का शोधत. गद्य वाचायचे, हायकूपाशी यायचे आणि ‘मग?’ असे विचारायचे. मला जपानी येत नाही. पुढे जे लिहितो आहे ते अनुवाद आणि अभ्यासकांची विवेचने एकमेकांशी ताडून पाहत केलेल्या वाचनातून आले आहे.

उलगडा झाला तो बाशोच्या गाजलेल्या मोठ्या प्रवासापाशी नव्हे, तर एका लहान आणि फसलेल्या सहलीपाशी. म्हणून तीच जरा सविस्तर सांगतो.

साल 1687. मात्सुओ बाशो तेव्हा एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, फुकागावा भागातल्या झोपडीत राहत होता. वय त्रेचाळीस. आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा जपानात चंद्र पाहण्याची रात्र मानतात. आपल्याकडे ती बहुधा भाद्रपदात पडते, कोजागरीच्या महिनाभर आधी. तो चंद्र काशिमाच्या देवस्थानाच्या डोंगरावर पाहायचा, असे बाशोने ठरवले. बरोबर दोघे. एक सोरा, धनी नसलेला सामुराई, आणि दुसरा सोहा नावाचा फिरता भिक्षू. स्वतःविषयी बाशो लिहितो की आपण ना भिक्षू ना संसारी. पक्षी आणि उंदीर यांच्या मधल्या वटवाघळासारखे.

वाट अशी. घरापासून नावेने ग्योतोकूपर्यंत, तिथून पायी. कामागायाचे मोठे माळरान लागते, लांबवर त्सुकुबा पर्वत दिसतो. दिवस बुडताना तिघे तोने नदीकाठच्या फुसा गावी पोहोचतात. इथले कोळी नदीत आडोसे घालून रावसासारखा सामन मासा धरतात आणि एदोच्या बाजारात पाठवतात. रात्रीपुरते तिघे एका कोळ्याच्या घरी टेकतात, पण घराला माशांचा वास आहे. बाहेर चंद्र लख्ख आहे, आकाशात ढगाचा ठिपका नाही. तेव्हा ते रातोरात नाव करून प्रवाहाबरोबर काशिमाकडे निघतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागतो. तो थांबत नाही. चंद्र दिसण्याची आशा संपते.

पायथ्याशी कोनपोन-जी मंदिराचे माजी महंत बुच्चो राहत होते. मंदिराच्या जमिनीवरून काशिमा देवस्थानाशी वाद चालला होता, त्या दाव्यापायी बुच्चो एदोत येऊन राहत, आणि त्या काळात बाशो त्यांच्याकडे झेन शिकला होता. जमिनीच्या भांडणातून मिळालेला गुरू! आमच्याकडे जमिनीच्या भांडणातून वकील तेवढा मिळतो. तर रात्री तिघे बुच्चोंकडेच झोपतात. पहाटे आकाश थोडे उघडते, महंत सगळ्यांना उठवतात. चंद्राचा उजेड आहे, पाणी ठिबकण्याचा आवाज आहे. बाशो लिहितो की मन भरून आले, पण शब्द सुचेना. इतक्या लांबून चंद्र पाहायला येऊन हात हलवत जायचे याची खंत वाटते. मग त्याला सात शतकांपूर्वीची सेइ शोनागोन आठवते. ती कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याचा आवाज ऐकायला मुद्दाम गेली होती आणि कविता न करताच परतली. बाशो म्हणतो, ती मला चांगली सोबत आहे.

गद्य इथे संपते आणि मग कविता येतात. आधी बुच्चोंची जुन्या वळणाची पाच ओळींची, मग तिघांच्या तीन-तीन ओळींच्या. शब्द सुचेना म्हणणाऱ्याने लगेच कविता द्याव्यात याचे मला पहिल्यांदा हसू आले. नंतर त्या कविता कशाकडे पाहतात हे तपासले. बाशोच्या कवितेत चंद्राची लगबग आहे, आणि पाऊस अजून झाडांच्या फांद्यांवर धरून ठेवलेला आहे. सोरा पाहतो तो पावसाने लवलेला आणि आता परत उभा राहणारा बांबू. सोहाचे लक्ष देवळाच्या वळचणीच्या थेंबांकडे आहे. एक पहाट, एक आकाश, तीन नजरा. खंतीबद्दल गद्याने सांगितले होते, म्हणून यांच्यापैकी कुणीही खंतीबद्दल बोलत नाही.

आता मागे फुसाच्या रात्रीकडे पाहा. ज्या चंद्रासाठी घर सोडले तो चंद्र चौदाव्या रात्री डोक्यावर होता, निरभ्र, नदीवर. बाशोने त्याला अर्धे वाक्य दिले आणि कविता एकही दिली नाही. अर्धे वाक्य, तेही माशांच्या वासाला लागून. पूर्ण चंद्र गद्यात उरकला आणि पद्य राखले ते पावसात सापडलेल्या अर्धवट चंद्रासाठी. लेखाच्या शेवटी आठव्या महिन्याची पंचवीस तारीख आहे, म्हणजे पौर्णिमेनंतर दहा दिवसांनी हे सारे जुळवून झाले होते. कोणती गोष्ट गद्याला द्यायची आणि कोणती पद्याला, हा निवाडा त्या दहा दिवसांत झाला असावा, असे मला वाटते.

या निवाड्याचे मूळ बाशोच्या व्यवसायात आहे. त्याचा चरितार्थ चालत असे तो ‘हाइकाइ नो रेंगा’ शिकवण्यावर, म्हणजे साखळी-काव्यावर. चार-सहा जण बसायचे. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने त्याला दोन जोडायच्या, तिसऱ्याने त्या दोनांना पुन्हा तीन. नियम असा की नवी कडी मागच्या कडीला लागली पाहिजे, पण तिथेच घुटमळता कामा नये. मागच्याने पाऊस म्हटला म्हणून पुढच्यानेही पाऊसच म्हटला तर साखळी थांबली. दोन कड्यांमधल्या नात्याला बाशोच्या मंडळीत ‘निओइ’, म्हणजे गंध, म्हणत. शेजारच्या घरी फोडणी पडली की आपल्याला भिंतीपलीकडचे काही दिसत नाही, पण कळते, तसे हे नाते. आयुष्यभर ज्याने कड्या जोडल्या, त्याने गद्याच्या शेवटी पद्य ठेवताना तेही पुढची कडी म्हणूनच ठेवले. गद्य ही एक कडी, हायकू ही तिला गंधाने लागलेली दुसरी. शिक्क्याचा इथे संबंधच नाही.

‘हायबुन’ हे नाव बाशोने 1690 च्या सुमारास क्योराई या शिष्याला लिहिलेल्या पत्रात वापरले. तो तेव्हा बिवा सरोवराजवळच्या एका झोपडीवर गद्य लिहीत होता, त्या संदर्भात. काशिमाची सहल त्याच्या तीन वर्षे आधीची, म्हणजे वस्तू आधी झाली आणि नाव मागून आले. ‘हायकू’ हा शब्द तर आणखी दोनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने रूढ केला. बाशोच्या काळी साखळीच्या या पहिल्या कडीला ‘होक्कू’ म्हणत. शिकीने ती कडी साखळीतून सोडवली आणि स्वतंत्र कविता म्हणून उभी केली. जगभर गेली ती ही सुटलेली कडी.

मराठीत आली तीही सुटलेलीच. रवींद्रनाथ 1916 साली जपानला गेले आणि त्या प्रवासावरच्या बंगाली पुस्तकात त्यांनी बाशोच्या दोन कविता दिल्या. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांच्यामुळे तीन ओळींची ही कविता आपल्या वहीत शिरली, आणि आज जिल्ह्याच्या कवी-संमेलनातही हायकू म्हणणारे दोघे-तिघे निघतात. गद्य मात्र मागे राहिले. मागचे गद्य नसल्यामुळे मराठी हायकूला सगळे एकट्याने सांगावे लागते, आणि पुष्कळदा तो चमकदार सुभाषिताकडे झुकतो, असे माझे मत आहे. ते कुणाला पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

जाता जाता मोजणीबद्दल. पाच-सात-पाच हे आकडे आपण अक्षरांचे धरतो. जपानी मोजतात ते त्यांचे ध्वनिघटक, आणि त्यात दीर्घ स्वराला दोन मोजतात. ‘तोक्यो’ आपल्या हिशेबी दोन अक्षरे, त्यांच्या हिशेबी चार. म्हणजे त्यांचे माप आपल्या अक्षरगणनेपेक्षा मात्रांच्या जवळचे आहे, आणि सतरा अक्षरांचा मराठी हायकू मूळच्यापेक्षा ऐसपैस होतो. मी अक्षरेच मोजतो, पण जागा उरली म्हणून शब्द भरत नाही ना, हे पाहतो.

गद्य-पद्याची वाटणी कशी होते याचा आणखी एक पुरावा 1943 साली उजेडात आला. 1689 च्या मोठ्या उत्तर-प्रवासातही सोरा बरोबर होता आणि तो रोजनिशी लिहीत होता. ती त्या साली छापली गेली. बाशोचे प्रवासवर्णन आणि ही रोजनिशी शेजारी ठेवली की कुठे तारखा हललेल्या दिसतात, कुठे हवामान. इचिबुरी गावच्या धर्मशाळेत पलीकडच्या खोलीत दोन वेश्या होत्या, असे बाशो लिहितो. त्यावर केलेली कविता आपण सोराला सांगितली आणि त्याने ती टिपून घेतली, असेही लिहितो. सोराच्या कागदांत ती नाही. यावरून बाशोला खोटे पाडण्याचा उत्साह काहींना येतो. मला सोराच्या टिपणातली दुसरी एक नोंद अधिक मोलाची वाटते. डोंगरावरच्या र्‍युशाकु-जी मंदिरात सिकाडांचा आवाज दगडात शिरतो, अशी बाशोची एक प्रसिद्ध कविता आहे. सोराकडे तिचा जुना मसुदा आहे. त्यात पहिल्या ओळीत मंदिराचा उल्लेख होता. शेवटच्या रूपात तो गेला आणि त्या जागी शांतता आली. प्रवासवर्णनाच्या गद्यात मंदिर, कडे, शेवाळलेले दगड हे सगळे आधीच येऊन गेले होते, तेव्हा कवितेने मंदिर पुन्हा सांगायची गरज राहिली नव्हती. जे गद्यात आले ते पद्यातून काढायचे. आणि त्याच्या उलटही.

हे वाचून समजणे वेगळे आणि हाताने करणे वेगळे. माझा एक प्रयत्न पुढे ठेवतो. त्याच्या गुणासाठी नाही, त्याच्या चुका मला आतून माहीत आहेत म्हणून.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या जमिनीची वाटणी व्हायची होती. मोजणीची तारीख लागली. दादा आणि मी सकाळीच शेतात जाऊन बसलो. आमच्यात त्या वर्षभरात कामापुरतेच बोलणे होते. रात्री मोठा पाऊस झाला होता, ओढ्याला पाणी आले, आणि मोजणीवाली माणसे पलीकडूनच परत गेली. आम्ही मात्र ओढा उतरेपर्यंत अलीकडे अडकलो. संध्याकाळी घरी आलो, आणि त्याच रात्री मी गद्य लिहून त्याखाली हे लिहिले:

बांध शेताचा
पडला दोन मनी
भाऊ परका

वाचकाला आता वेगळे सांगायला नको की हा शिक्का आहे. गद्याने जे सुचवले त्याला या तीन ओळींनी नाव दिले, आणि नाव दिल्याबरोबर दिवसभराचा पाऊस, ओढा, डबा हे सारे केवळ या निष्कर्षाकडे नेणारे दाखले होऊन बसले. शिवाय ते खरेही नव्हते. त्या दिवशी भाऊ परका वाटला नव्हता.

आठ दिवसांनी ते खोडून दुसरे लिहिले:

परतताना
दोघांच्या चपलांना
एकच माती

हे मी चार मित्रांना वाचून दाखवले आणि चौघांनीही दाद दिली. एकाचे तर डोळे ओलावले. मीही वर्षभर यावर खूश होतो. पहिल्यापेक्षा ते बरेच चांगले आहे, कारण निदान डोळ्यांनी पाहिलेली वस्तू त्यात आहे. पण जिथे दाद येते ती जागा नीट पाहिली. दाद ‘एकच’ या शब्दाला येत होती. माती आहे ती एकी सांगण्यापुरती. टाळ वाजले ते तिथेच. चपलांच्या चिखलातून मी पुन्हा कीर्तनच केले होते, एवढेच की या खेपेस निष्कर्ष गोड होता. हायबुनमधले पद्य बिघडले हे ओळखण्याची मला सापडलेली खूण ही. वरचे गद्य झाकून नुसते पद्य वाचावे. ते एकटेच सगळी गोष्ट सांगून मोकळे होत असेल तर गद्य फुकट गेले. मग गद्य वाचून पद्य झाकावे. ऐकणारा पद्याचा आशय आधीच ओळखत असेल तर पद्य फुकट गेले.

तिसऱ्या खेपेस मी पद्य सोडून गद्याकडे गेलो. त्या दिवशी ओढ्याचे पाणी चढते की उतरते हे कळावे म्हणून दादाने काठावर एक काठी रोवली होती. ती गद्यात मधेच एका वाक्यात पडून होती. फुसाच्या चंद्राची आठवण झाली ती इथे. चंद्र बाशोने गद्यात टाकला होता, कारण तो ठरलेला होता. माझे उलटे झाले होते. वाटणी आणि भाऊपण हे ठरलेले विषय मी पद्याला देत होतो आणि न ठरवता दिसलेली काठी गद्यात खपवत होतो. काठीचे वाक्य गद्यातून काढले. चिखल गद्यात हलवला. ‘वर्षभर बोलणे नव्हते’ हे वाक्य तर पूर्णच काढले. न बोलणे दिसते आहे, सांगायला नको. उरले ते असे:

वाटणीची मोजणी आज. दादा पुढं, मी मागं. रात्रभर पाऊस झालेला, काळी माती चपला सोडत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून राहतो. अकराला फोन येतो, ओढ्याला पाणी आहे, मोजणीवाले पलीकडंच थांबलेत. दीडला पुन्हा येतो, आज होत नाही, पुढची तारीख. डबे दोन आणलेले. दादा न विचारता माझ्या भाकरीवर ठेचा ठेवतो. सोयाबीन कुठं पिवळं, कुठं अजून हिरवं. बोलणं निघतं ते पाण्याचंच, या साली किती, त्या साली किती. ऊन पडतं आणि जातं.

ओढा ओसरे
काठीवरची खूण
ओली अजून

‘ओसरे’ हे क्रियापद थोडे जुन्या कवितेतले आहे आणि ते मला अजून टोचते. ‘ओसरला’ म्हटले तर एक अक्षर वाढते आणि ओढा संपूनच जातो; मला तो उतरत असलेला हवा होता. ‘खूण’ हा शब्द मी मोजणीचा विचार करून घातला नव्हता. काठीवर पाण्याची खूण असते म्हणून तो आला. हद्दीच्या दगडालाही आमच्याकडे खूणच म्हणतात, हे मला लिहून झाल्यावर दिसले, आणि ज्यांना मी ते वाचून दाखवले त्यांच्यापैकी एकालाच दिसले. बाकीच्यांनी विचारले, मग पुढे मोजणी झाली का?

झाली, डिसेंबरात. दादाच्या वाट्याला ओढ्याकडची बाजू गेली.